टीव्ही लागत नाही, लाल दिवा लुकलुकतोय: आकडा कसा मोजायचा आणि तो काय सांगतो

रिमोट दाबला, लाल दिवा क्षणभर विझला, आता चित्र येणार असं वाटलं आणि दिवा पुन्हा लुकलुकायला लागला. पडदा काळाच. अशा वेळी घरातल्या कुणीतरी हमखास म्हणतं, ‘फ्यूज उडाला वाटतं.’ पण फ्यूज उडाला असता तर दिवा लागलाच नसता. दिवा लुकलुकतोय याचाच अर्थ भिंतीतून येणारी वीज सेटच्या आत पोचलीय, फ्यूज शाबूत आहे आणि निदान सप्लायचा एक भाग काम करतोय. निम्मी शंका इथेच मिटते.

हा दिवा नेमका कशाच्या जोरावर जळतो ते आधी बघू, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. टीव्हीत एक छोटा सप्लाय चोवीस तास चालू असतो. तो साधारण ३.३ ते ५ व्होल्ट देतो आणि रिमोटचा सेन्सर, हा दिवा आणि मदरबोर्डवरचा छोटा कंट्रोलर एवढ्यांना जागं ठेवतो. तुम्ही बटण दाबलं की हा कंट्रोलर मोठ्या सप्लायला ‘चालू हो’ असा हुकूम देतो. मग १२ व्होल्टची लाइन उठते, पडद्यामागची बॅकलाइट पेटते, पॅनलला वीज जाते, आवाजाचा भाग जागा होतो. कंट्रोलर प्रत्येकाच्या हजेरीची वाट पाहतो. कुणी हजेरी दिली नाही किंवा कुठून धोक्याचा इशारा आला, तर तो काही सेकंदांत सगळं बंद करतो. दुकानात याला ‘सेट प्रोटेक्शनला गेला’ म्हणतात. कोणाची हजेरी चुकली ते सांगण्यासाठी त्याच्याकडे हा एकच दिवा उरतो, म्हणून तो ठरलेल्या संख्येत दिवा मारतो.

प्रत्येक कंपनीची ही संख्या वेगळी असते. या लेखात मी सोनी ब्राव्हिया समोर ठेवलाय, कारण तिथली पद्धत बरीच वर्षं साधारण एकसारखी राहिलीय आणि आकडा घरबसल्या मोजता येतो. दुसरा ब्रँड असेल तरी तपासण्याचा क्रम हाच राहतो, फक्त आकड्याचा अर्थ त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्यायचा.

आधी हे पाहा: तो दोषच आहे का?

दिवा लुकलुकला म्हणजे सेट बिघडलाच असं नाही. रिमोटचं कोणतंही बटण दाबलं की बऱ्याच सेटचा दिवा एकदा मिचकतो. ती फक्त ‘ऐकलं’ अशी पोच असते. पण रिमोटला कुणी हात लावलेला नसताना दिवा सतत मिचकत असेल तर रिमोटमधली सेल काढून ठेवा. रिमोट सोफ्याच्या फटीत दबलेला असतो किंवा चहा सांडून एखादं बटण चिकटलेलं असतं, आणि तो दर क्षणाला हुकूम सोडत राहतो. सेल काढताच दिवा शांत झाला तर टीव्ही ठणठणीत आहे.

अलीकडच्या अँड्रॉइड आणि गूगल टीव्ही सेटवर सॉफ्टवेअर अपडेट होत असताना पांढरा दिवा लुकलुकतो. अशा वेळी पडदा काळा दिसला तरी प्लग उपटू नका. अपडेट अर्ध्यात तुटला तर चांगला सेट खरोखर आजारी पडतो. अर्धा तास जाऊ द्या. टायमर लावलेला असेल तर केशरी दिवा दिसतो, त्याचाही बिघाडाशी संबंध नाही. आपल्याला शोधायचाय तो लाल दिवा: काही वेळा लुकलुकतो, थांबतो, पुन्हा तेवढ्याच वेळा लुकलुकतो.

मोजायचं कसं

ऐकायला सोपं वाटतं, पण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. लोक मधूनच मोजायला सुरुवात करतात आणि सहाचे पाच किंवा पाचाचे सहा होतात. पुढे दिसेल की या दोन आकड्यांत बऱ्याच पैशांचा फरक आहे.

सोनीच्या सेटवर दोन गटांच्या मध्ये सुमारे तीन सेकंदांची विश्रांती असते. ती विश्रांती संपल्यावर येणारा पहिला मिचका म्हणजे एक. मोबाइल समोर धरून सलग एक मिनिट व्हिडिओ घ्या, मग तो निवांत बसून पाहा आणि तीन गट तरी मोजा. तिन्ही वेळा आकडा एकच आला तर तो खरा. हाच व्हिडिओ पुढे कारागिराला पाठवता येतो, त्यामुळे ‘चार-पाच वेळा काहीतरी मारतो’ असं मोघम सांगावं लागत नाही.

व्हिडिओ बटण दाबण्याच्या आधीपासून सुरू करा. दिवा लुकलुकायला लागण्याआधीच्या त्या थोड्या सेकंदांत बरीच माहिती असते. आत रिलेचा ‘टक्’ आवाज आला का? पडदा किंचित उजळून विझला का, की शेवटपर्यंत काळाच राहिला? कंपनीचं नाव दिसलं का? आवाज आला का? बटण दाबल्यापासून बंद पडेपर्यंत किती वेळ गेला? आकडा फक्त गल्ली सांगतो, घर या खुणांवरून सापडतं. खोलीतले दिवे बंद करून व्हिडिओ घेतलात तर पडद्याची क्षणभराची उजळणीही टिपली जाते. दिवसा ती हमखास निसटते.

सगळं सोडवा, दोन मिनिटं थांबा

टीव्ही बंद करून प्लग भिंतीतून काढा. रिमोटने बंद करणं पुरेसं नाही. मग मागच्या सगळ्या वायरी काढा: सेट-टॉप बॉक्सची एचडीएमआय, साउंडबार, पेन ड्राइव्ह, हार्ड डिस्क, छत्रीची किंवा केबलची कोअॅक्सियल वायर. आता दोन मिनिटं थांबायचं. सोनी स्वतःच्या मदतपुस्तिकेत हीच मुदत सांगते. त्या वेळात सेटवरचं पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धरलंत तर आतला थोडाफार चार्जही निघून जाऊ शकतो. नंतर प्लग एक्स्टेंशन बोर्डात न लावता थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये लावा आणि एकही वायर न जोडता टीव्ही चालू करा.

वायरी काढायला सांगतो ते उगाच नाही. पेन ड्राइव्ह शॉर्ट झाला असेल तर तो मदरबोर्डची ५ व्होल्टची लाइन खाली ओढतो आणि टीव्हीला वाटतं आपलाच सप्लाय बिघडला. पावसाळ्याच्या तोंडाशी वीज कडाडून गेली की छतावरच्या छत्रीच्या वायरीतून झटका सेट-टॉप बॉक्सपर्यंत येतो, तिथून एचडीएमआयने टीव्हीत शिरतो. कधी बॉक्स मेलेला असतो आणि टीव्ही बरा असतो. तसं असेल तर सगळं सोडवल्यावर टीव्ही लागतो. मग एकेक वायर जोडत जायचं. जिथे सेट पुन्हा बसतो, तिथे दोषी सापडला.

सॉकेटचीही परीक्षा घ्या. त्याच सॉकेटवर मिक्सर चालवून पाहा. खेड्यात संध्याकाळी दाब पडतो, तेव्हा मिक्सर कण्हत फिरतो. अशा वीजेवर टीव्हीचा मोठा सप्लाय उठताना कोसळू शकतो. रात्री अकरानंतर टीव्ही नीट लागतो आणि सातला लागत नाही, असं असेल तर सेट खोलण्याआधी घरातला दाब मोजून घ्या.

हे सगळं करूनही तोच आकडा परत आला तर दोष आत आहे. सेट वारंवार चालू-बंद करून पाहत बसू नका. दर वेळी तो बिघडलेल्या भागावर पुन्हा वीज टाकतो, आणि शॉर्ट असेल तर शेजारचे भागही जळतात. वॉरंटी शिल्लक असेल तर इथेच थांबून कंपनीच्या सेवाकेंद्राला फोन करा आणि आकडा सांगा. मागचं झाकण एकदा उघडलं गेलं की वॉरंटीवरून वाद सुरू होतो.

आकडे काय सुचवतात

ब्राव्हियाच्या बहुतेक एलईडी मॉडेलांत २ आणि ३ हे आकडे सप्लायच्या बाजूचे असतात: मोठ्या सप्लायचा दाब ठरल्यापेक्षा चढला, पडला किंवा मदरबोर्डवरच्या एखाद्या लाइनवर गडबड आहे. काही सेटमध्ये ३ चा आकडा आवाजाच्या भागाकडेही बोट दाखवतो. ४ आणि ६ बॅकलाइटशी संबंधित असतात. ६ तर इतका नेहमीचा की कारागीर ‘सहा मारतोय’ एवढं ऐकूनच एलईडी पट्ट्यांचा विचार सुरू करतो. ५ म्हणजे पॅनल किंवा त्याला चित्र पुरवणारा टी-कॉन बोर्ड. ७ म्हणजे तापमान. ८ जुन्या सेटवर बहुतेक आवाजाचा भाग असतो, नंतरच्या काही मॉडेलांत सॉफ्टवेअर.

‘बहुतेक’ हा शब्द मुद्दाम वापरलाय. पाठीमागच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर पाहून त्या सेटच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला तक्ता तपासल्याशिवाय पैसे खर्चू नका. आणि तक्ता पाहिल्यावरही एवढं ध्यानात असू द्या की आकडा फक्त कुठली लाइन बोंबलली ते सांगतो, कुठला भाग मेला ते नाही. बॅकलाइटची तक्रार बॅकलाइटला वीज देणाऱ्या सप्लायमुळेही येऊ शकते. आकडा सांगताच कुणी फोनवरच ‘पॅनल गेलं’ म्हणाला, तर दुसरा कारागीर शोधावा.

सहाचा आकडा, एक सेट धरून

समजा ४३ इंची सेट आहे, पाच-सहा वर्षं जुना. घरात दिवसभर चालतो, चित्राची उजळण कमाल ठेवलेली. गेल्या महिन्यापासून पडद्यावर दोन-तीन जागी पांढरे डाग दिसत होते. मग एक दिवस चालू टीव्ही दहा मिनिटांनी आपोआप बंद पडला. पुन्हा लावला, पाच मिनिटं चालला. आता बटण दाबल्यावर पडदा क्षणभर उजळतो, विझतो आणि दिवा सहा वेळा लुकलुकतो.

ही गोष्ट आकड्याइतकीच बोलकी आहे. पडद्यामागे एलईडीच्या पट्ट्या असतात, प्रत्येक एलईडीवर प्रकाश पसरवणारं प्लास्टिकचं छोटं भिंग चिकटवलेलं असतं. उष्णतेने डिंक सुटून भिंग पडलं की तिथे पांढरा डाग दिसतो. म्हणजे पट्ट्या बराच काळ जास्त तापत होत्या, हे डाग आधीपासून सांगत होते. एलईडी एकापुढे एक अशा माळेत जोडलेले असतात. एक एलईडी साधारण ३ व्होल्टचा, म्हणजे दहांच्या माळेला सुमारे ३० व्होल्ट लागतात. त्यातला एक तुटला की पूर्ण माळ तुटते. बॅकलाइट चालवणारं सर्किट ठरलेला करंट ढकलण्यासाठी दाब वाढवत नेतं, मर्यादा गाठतं आणि ‘मला जमत नाही’ असा इशारा देतं. कंट्रोलर सेट बंद करून सहा मारतो. सुरुवातीला सेट दहा मिनिटं चालत होता, कारण त्या एलईडीचा जोड थंड असताना टेकत होता आणि तापल्यावर सुटत होता. नंतर तो कायमचा सुटला.

हे घरच्या घरी पडताळायला टॉर्च पुरतो. अंधारात टीव्ही लावा, मोबाइलचा टॉर्च पडद्याला जवळपास टेकवून तिरका धरा आणि पाहा. कंपनीचं नाव किंवा मेन्यू पुसटसा दिसला तर चित्र तयार होतंय, फक्त मागचा उजेड नाही. सहा मारणारा सेट काही सेकंदांतच बंद होतो, म्हणून टॉर्च आधीच रोखून मग कुणालातरी बटण दाबायला सांगा. चित्र दिसलं तर पॅनल आणि मदरबोर्ड दोन्ही सहीसलामत आहेत असं मोठ्या खात्रीने म्हणता येतं. काहीच दिसलं नाही तर मात्र त्यावरून निकाल काढू नका. चित्र तयार व्हायच्या आतच सेट बंद झाला असेल.

क्षणभराची उजळणीही अशीच वाचायची. पडदा उजळून विझला तर बॅकलाइटचा सप्लाय निदान उठतो, संशय पट्ट्यांवर. पूर्ण अंधारात, टक लावून पाहूनही काहीच उजळलं नाही तर पट्ट्यांइतकाच संशय बॅकलाइट चालवणाऱ्या सर्किटवर जातो. कारागिराकडे एलईडी टेस्टर नावाची छोटी पेटी असते. सप्लायमधून पट्ट्यांकडे जाणारा कनेक्टर काढून तो माळेला टेस्टर लावतो. पट्ट्या पेटल्या नाहीत तर दोष पट्ट्यांत, सगळ्या एकसारख्या पेटल्या तर दोष सप्लाय बोर्डात. या चाचणीला पॅनल उचलावं लागत नाही, फक्त मागचं झाकण निघतं. म्हणून पॅनल खोलायला परवानगी देण्याआधी ही चाचणी समोर करून दाखवायला सांगा.

पट्ट्या बदलायच्या ठरल्या तर संपूर्ण संच बदलावा. एकच एलईडी बदलून सेट त्या दिवशी सुरू होतो, पण बाकीचे त्याच वयाचे आणि तितकेच तापलेले असतात. दोन-चार महिन्यांत दुसरा जातो आणि पॅनल पुन्हा उचलावं लागतं. प्रत्येक वेळी उचलताना धोका असतो. पॅनल म्हणजे काचेचा पातळ पापुद्रा, आणि त्याच्या कडेला केसासारख्या बारीक वाटांच्या फिती चिकटवलेल्या असतात. एक फीत ताणली गेली की पडद्यावर कायमची उभी रेघ येते आणि ती दुरुस्त होत नाही. ४३ इंचाचं पॅनल एकट्याने उचलणारा कारागीर मला मान्य नाही. दोन माणसं हवीत, टेबलावर मऊ कापड हवं.

नवीन पट्ट्या जुन्याशी तंतोतंत जुळाव्यात: लांबी, एलईडींची संख्या आणि एका एलईडीचा व्होल्टेज. ३ व्होल्टच्या जागी ६ व्होल्टच्या पट्ट्या बसवल्या तर बऱ्याचदा सेट उठत नाही आणि दोष मदरबोर्डवर ढकलला जातो. चांगला कारागीर पट्ट्या बदलल्यावर बॅकलाइटचा करंटही थोडा कमी करून देतो. चित्र किंचित मंद होतं, पण पट्ट्या कितीतरी जास्त टिकतात. तसं करून दिलं नाही तरी मेन्यूतून ब्राइटनेस निम्म्याच्या आसपास आणा. घरात त्याहून जास्त क्वचितच लागतो.

एका गोष्टीला मात्र ठाम नकार द्या. काही जण प्रोटेक्शनची वायर तोडून किंवा जम्पर मारून ‘चालू करून’ देतात. सहा मारणं बंद होतं, कारण तक्रार करणाऱ्याचं तोंडच बांधलेलं असतं. तुटलेल्या माळेवर दाब चढत राहतो, कनेक्टर काळा पडतो, जळका वास येतो. टीव्हीमागे पडदा असतो, लाकडी युनिट असतं. तिथे ही जोखीम घेऊ नये.

दोन आणि तीन

इथे गृहिणीने किंवा विद्यार्थ्याने झाकण उघडण्याचं काम नाही, आणि इलेक्ट्रॉनिक्स येत नसेल तर कुणीच उघडू नये. २३० व्होल्टची वीज एकदिश झाली की मोठ्या कंडेन्सरवर ३२५ व्होल्टच्या आसपास साठते, काही सप्लायमध्ये ३९० पर्यंत, आणि प्लग काढल्यावरही ती तिथे राहू शकते. ज्याला ती सुरक्षितपणे उतरवता येते त्यानेच बोर्डाला हात लावावा.

पण कारागीर काय पाहील हे तुम्हाला ठाऊक असेल तर त्याचं म्हणणं तोलता येतं. तो आधी स्टँडबायचा, म्हणजे चोवीस तास चालू असणाऱ्या छोट्या सप्लायचा दाब मोजतो. मग बटण दाबून १२ व्होल्टची लाइन उठते का ते पाहतो. अजिबात उठलीच नाही तर सप्लाय बोर्ड किंवा मदरबोर्डचा हुकूम चुकलाय. एक सेकंद उठून कोसळली तर पुढे कुणीतरी तिला खाली ओढतंय, म्हणजे मदरबोर्ड, पॅनल किंवा आवाजाचा भाग शॉर्ट असू शकतो. मग तो एकेक कनेक्टर सोडवून पुन्हा मोजतो. एवढं न करता थेट ‘सप्लाय बोर्ड बदला’ म्हणणारा माणूस अंदाज मारतोय.

जुन्या सेटमध्ये इथला नेहमीचा अपराधी म्हणजे फुगलेला कंडेन्सर. चांगल्या कंडेन्सरचं डोकं सपाट असतं. खराब झालेल्याचं वर फुगतं, कधी त्यातून तपकिरी द्रव झिरपलेला दिसतो. त्याची एक आगाऊ खूण असते: सुरुवातीला टीव्ही दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नाला लागतो, थंडीच्या सकाळी जास्त त्रास देतो आणि एकदा लागला की दिवसभर चालतो. असा सेट महिनोन्‌महिने हळूहळू बिघडतो, एलईडी पट्टीसारखा अचानक नाही.

कोकणात आणखी एक प्रकार पाहायला मिळतो. समुद्राच्या खारट हवेने कनेक्टरच्या पायांवर हिरवट बुरा चढतो. पावसाळ्यात सेट बसतो आणि ऊन पडलं की आपोआप सुरू होतो. आणि पाली. गरम सप्लाय बोर्ड त्यांना आवडतो. दोन पायांच्या मध्ये अडकून सुकलेली पाल बोर्डावर काळा डाग सोडून जाते. तो डाग नीट खरवडून साफ केल्याशिवाय नवीन भाग टाकला तर तोही जातो.

पाचचा आकडा आणि पैशांचा प्रश्न

पाच मारणाऱ्या सेटमध्ये दोष टी-कॉन बोर्डात असू शकतो, त्याच्याकडे जाणाऱ्या पट्टीवजा केबलमध्ये असू शकतो, किंवा पॅनलमध्येच. या तीन शक्यतांच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक आहे, कारण टीव्हीच्या किमतीतला मोठा वाटा पॅनलचाच असतो. कारागीर ते असं वेगळं करतो: पॅनलच्या दोन बाजूंना दोन रुंद फिती जातात, त्यातली एक सोडवून सेट चालू करतो. एक फीत काढल्यावर सेट बंद न पडता अर्ध्या पडद्यावर चित्र आलं, तर काढलेल्या बाजूकडे शॉर्ट आहे. दोन्ही काढूनही पाचच मारत राहिला तर संशय टी-कॉन, केबल किंवा मदरबोर्डकडे वळतो. काही नव्या सेटमध्ये टी-कॉन वेगळा नसतोच, मदरबोर्डवर किंवा पॅनलला जोडूनच असतो. तिथे ‘फक्त टी-कॉन बदलू’ हा पर्याय उरत नाही.

पॅनलच गेलं असं सिद्ध झालं तर माझ्या मते तो सेट सोडून द्यावा. वापरलेलं पॅनल शोधून बसवणारे भेटतात, पण त्याला किती दिवस हे कुणी सांगत नाही. सप्लाय, पट्ट्या किंवा सुटा टी-कॉन असेल तर दुरुस्ती बहुतेकदा परवडते.

सात आणि आठ

सातचा आकडा तापमानाचा, आणि तो तपासायला सगळ्यात सोपा. टीव्ही भिंतीतल्या बंद कोनाड्यात बसवलाय का, मागच्या जाळीवर धुळीची गोधडी जमलीय का, वर कापडी कव्हर टाकून ठेवता का ते पाहा. मग रात्रभर प्लग काढून ठेवा आणि सकाळी सेट गार असताना लावा. तासभर चालून सात मारला तर खरंच तापतोय. जाळी व्हॅक्यूमने साफ करा, मागे हवा खेळू द्या. गार सेटने लावताक्षणी सात मारला तर तापमान खोटं आहे, सेन्सर किंवा तो वाचणारा बोर्ड बिघडलाय.

आठ मारणाऱ्या जुन्या सेटमध्ये स्पीकरची वायर चेसिसला घासून शॉर्ट झालेली असू शकते, विशेषतः सेट नुकताच खाली उतरवून पुन्हा भिंतीवर चढवला असेल तर. कारागीर स्पीकरचा कनेक्टर काढून पाहतो. सेट चालू राहिला तर खर्च किरकोळ.

मोजता न येणारी लुकलुक

काही सेट गट करून लुकलुकत नाहीत. दिवा मंद असतो, एका लयीत धडधडत राहतो, मध्ये विश्रांती नसते, आणि कान लावला तर सप्लायकडून बारीक ‘टिक-टिक’ येते. इथे कोणी आकडा सांगत नाहीये. कंट्रोलर अजून जागाच झालेला नाही. सप्लाय उठायचा प्रयत्न करतो, काहीतरी शॉर्ट असल्यामुळे बसतो, पुन्हा उठतो. त्या उठण्या-बसण्यात दिवाही चालू-बंद होतो. अशा वेळी मिचके मोजून तक्त्यात पाहणं व्यर्थ. सगळ्या वायरी सोडवूनही ती लय थांबली नाही तर सप्लाय बोर्डावरचा एखादा डायोड शॉर्ट असतो, स्टँडबायचा कंडेन्सर सुकलेला असतो किंवा मदरबोर्ड वीज खाली ओढत असतो. कारागीर मदरबोर्डचा कनेक्टर काढून पाहतो: स्टँडबायचा दाब स्थिर झाला तर शॉर्ट मदरबोर्डवर, तसाच धडधडत राहिला तर सप्लायमध्ये. काही सप्लाय कनेक्टर काढल्यावर मोठ्या लाइन उठवतच नाहीत, म्हणून इथे फक्त स्टँडबायकडे पाहायचं.

आणखी एक प्रकार: कंपनीचं नाव येतं, सेट पुन्हा सुरू होतो, पुन्हा नाव येतं, आणि हे चक्र संपत नाही. यात बॅकलाइट, पॅनल, सप्लाय सगळं काम करतंय हे पडद्यावरच दिसतं. संशय सॉफ्टवेअरवर किंवा मदरबोर्डवरच्या मेमरी चिपवर जातो. मॉडेलच्या पुस्तिकेत बटणं दाबून फॅक्टरी रीसेट करण्याची पद्धत असेल तर ती एकदा करून पाहा. सगळी अॅप्स आणि पासवर्ड पुन्हा भरावे लागतील. रीसेटनंतरही चक्र तसंच राहिलं तर मेमरी चिप बदलून नव्याने सॉफ्टवेअर टाकणारा माणूस शोधावा लागतो. असे लोक प्रत्येक गावात नसतात.

कारागिराला फोन करताना

‘टीव्ही लागत नाही, या’ एवढंच सांगितलं तर तो रिकाम्या हाताने येतो आणि सेट दुकानात घेऊन जातो. त्याऐवजी पाठीमागच्या स्टिकरचा फोटो, लुकलुकीचा व्हिडिओ आणि दोन ओळी पाठवा: ‘सगळ्या वायरी काढून, थेट भिंतीत लावून पाहिलं. पडदा क्षणभर उजळतो, मग सहा वेळा लाल. आधी दहा मिनिटं चालायचा. टॉर्चने मेन्यू पुसट दिसतो.’ एवढ्यावर तो पट्ट्यांचा संच मागवून, टेस्टर घेऊनच येईल. काम ठरवताना आधी निदान, मग किंमत, असं बोला. सेट दुकानात जाणार असेल तर नेण्याआधी पडद्याचा फोटो घ्या, काच शाबूत असल्याचा. नंतर कोपऱ्यात तडा निघाला तर तो कुठे पडला यावर वाद नको. आणि बदललेल्या जुन्या पट्ट्या किंवा बोर्ड परत मागा. जळलेल्या एलईडीच्या मध्यभागी सुईच्या टोकाएवढा काळा ठिपका दिसतो. तो दिसला की काम कशाचं झालं ते तुमचं तुम्हाला कळतं.